वंशावळ, बल्क की बॅकक्रॉस? स्वपरागसिंचित पिकांच्या पैदास पद्धतींवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती पैदासशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी हे प्रश्न दरवर्षी विचारतात. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात. अडचण येते ती शेतात उभे राहून कोणते झाड ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवताना, म्हणून उत्तरांचा भर तिथेच आहे. उदाहरणे हरभरा आणि भात यांची जास्त आहेत.

१. तिन्ही पद्धतींची सुरुवात दोन पालकांच्या संकरानेच होते. मग खरा फरक कशात आहे?

वंशावळ पद्धतीत एफ२ पासूनच एकेक झाड निवडतात आणि प्रत्येकाची संतती वेगळ्या ओळीत वाढवतात. त्यामुळे कोणती ओळ कोणत्या झाडापासून आली हे शेवटपर्यंत सांगता येते. बल्क पद्धतीत एफ२ पासून साधारण एफ५ पर्यंत सगळे एकत्र पेरायचे, एकत्र कापायचे आणि त्याच बियाण्यातला काही भाग पुढच्या हंगामात लावायचा. झाडे बऱ्यापैकी स्थिर झाली की मग एकेक झाड निवडायचे. म्हणजे या दोन पद्धतींत फरक आहे तो निवड कधी करायची याचा. दोन्हींत हवा असतो तो नवा वाण, ज्यात दोन्ही पालकांचे गुण नव्याने जुळलेले असतील.

बॅकक्रॉसचा हेतूच वेगळा. वाण चांगला आहे, शेतकऱ्याच्या आणि बाजाराच्या पसंतीचा आहे, फक्त त्यात एक उणीव आहे. ती उणीव भरून काढायची आणि बाकी वाणाला हात लावायचा नाही. त्यासाठी संकराची संतती पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी, म्हणजे रिकरंट पालकाशी, संकरित करतात. म्हणून पद्धत निवडण्याआधी स्वतःला एकच विचारा: मला नवा वाण हवा आहे की असलेला वाण दुरुस्त करायचा आहे? याचे उत्तर नक्की नसेल तर पुढची सगळी तुलना व्यर्थ आहे.

२. एफ६ मध्ये हेटेरोझायगोसिटी फक्त ३.१२५ टक्के उरते. मग एफ६ ची झाडे जवळजवळ पूर्ण स्थिर मानायची का?

हा आकडा एका जनुकस्थानाचा आहे, झाडाचा नाही. स्वपरागीभवनाने दर पिढीत हेटेरोझायगोसिटी निम्मी होते. एफ२ मध्ये ती ५० टक्के असते, एफ३ मध्ये २५ आणि एफ६ मध्ये ३.१२५. पण पालक दहा जनुकस्थानांवर वेगळे असतील, तर सर्व दहा ठिकाणी होमोझायगस असलेल्या एफ६ झाडांचे प्रमाण (31/32)^10, म्हणजे सुमारे ७३ टक्के येते. उरलेल्या चारातल्या एका झाडात कुठेतरी अजून सेग्रिगेशन शिल्लक आहे. प्रत्यक्षात पालक दहापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी वेगळे असतात.

म्हणून एफ६ ची ओळ एकसारखी दिसली तरी प्राथमिक चाचणीसोबत तिच्यातल्या काही झाडांच्या संतती वेगळ्या लावून पाहाव्यात. फुलोऱ्याचे दिवस, दाण्याचा रंग आणि उंची यांत फरक दिसला तर ओळ अजून फुटते आहे असे समजायचे.

३. वंशावळ पद्धतीत एफ२ मध्ये नेमके काय पाहून झाडे निवडायची?

जे गुण एका झाडावर खात्रीने ओळखता येतात ते पाहायचे. हरभऱ्याचे उदाहरण घेऊ. मर रोगाची प्रतिकारक्षमता हवी असेल तर एफ२ आणि पुढच्या ओळी सिक प्लॉटमध्ये, म्हणजे बुरशी मुद्दाम भरपूर वाढवलेल्या जमिनीत, लावतात. दर काही ओळींनंतर जेजी-६२ हा लवकर बळी पडणारा वाण असतो. जेजी-६२ च्या सगळ्या ओळी मेल्या असतील तरच आजूबाजूच्या जगलेल्या झाडांना अर्थ आहे. एखाद्या कोपऱ्यात जेजी-६२ च हिरवा उभा असेल तर तिथल्या जमिनीत बुरशी कमी आहे, आणि त्या कोपऱ्यातली निवड रद्द धरावी. काही झाडे उशिरा मरतात. लवकर नोंद घेणारा त्यांना प्रतिकारक लिहून बसतो, म्हणून मोजणी रोपावस्थेत एकदा आणि पक्वतेच्या सुमारास पुन्हा करावी.

फुलोऱ्याचे दिवस, झाडाची ठेवण आणि दाण्याचा आकार व रंग हेही एफ२ मध्ये पाहता येते. झाडावरचे दाणे मोजून किंवा तोलून निवड मात्र करू नका. त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

एफ२ मधल्या निवडीबद्दल एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाच जनुकस्थानांवर अनुकूल जनुक होमोझायगस असलेले झाड एफ२ मध्ये १०२४ त एखादे असते. पण पाचही ठिकाणी निदान एक अनुकूल प्रत असलेली झाडे (3/4)^5, म्हणजे सुमारे २४ टक्के असतात. एफ२ मध्ये परिपूर्ण झाड शोधत फिरणे म्हणूनच चुकीचे आहे. ज्या झाडांतून पुढे चांगली संतती निघणे शक्यच नाही ती वगळायची, आणि शक्यता असलेली पुरेशी ठेवायची, एवढेच त्या पिढीचे काम.

४. मग उत्पादनावर निवड कोणत्या पिढीपासून करावी? एफ२ मधले सर्वांत जास्त घाटे असलेले झाड सोडून द्यायचे का?

ते झाड फक्त घाट्यांसाठी निवडू नका. एफ२ चे प्रत्येक झाड एकमेव असते, त्यामुळे त्याची पुनरावृत्ती करता येत नाही. त्याच्या भरपूर घाट्यांमागे चांगले जनुक असू शकतात. शेजारचे रोप मेल्यामुळे मिळालेली जागा असू शकते, किंवा हेटेरोझायगस अवस्थेचा जोम असू शकतो. हा जोम संतती स्थिर होताना निघून जातो. या तिन्हींत फरक करण्याचे कोणतेही साधन एका झाडापाशी नसते.

दुसरे कारण विविधतेच्या वाटणीत आहे. एफ२ मधल्या योगात्मक विविधतेला १ माना. एका एफ२ झाडाची संतती म्हणजे एक एफ३ कुटुंब. एफ३ मध्ये अशा कुटुंबांच्या दरम्यान १ एवढी विविधता असते आणि प्रत्येक कुटुंबाच्या आत १/२. एफ४ मध्ये, एकेका एफ३ झाडापासून आलेल्या ओळी धरल्या, तर ओळींच्या दरम्यान ३/२ आणि ओळीच्या आत १/४. पिढी पुढे जाते तशी विविधता ओळींच्या आतून निघून ओळींच्या दरम्यान साठत जाते. कुटुंबे सरासरीवर तोलता येतात, वेगवेगळ्या जागी पुन्हा लावता येतात. म्हणून कमी आनुवंशिकतेच्या गुणांसाठी आधी कुटुंब निवडायचे आणि मग त्यातले झाड.

व्यवहारात एफ३ मध्ये वाईट कुटुंबे वगळा आणि चांगल्या कुटुंबांतून झाडे घ्या. एफ४ किंवा एफ५ पासून बियाणे पुरेल तशी पुनरावृत्ती असलेली उत्पादन चाचणी सुरू करा. दर ठरावीक ओळींनंतर तुल्य वाण असलाच पाहिजे. जमिनीची सुपीकता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जाते, आणि तुल्य वाण नसेल तर आपण उत्तम ओळ निवडली की उत्तम जमीन, हे कळत नाही.

५. वंशावळीच्या नोंदी किती तपशिलाने ठेवायच्या?

संकराचा क्रमांक, मग दर पिढीत निवडलेल्या झाडाचा क्रमांक, मध्ये आडवी रेघ. एवढे शिस्तीने केले तर पुरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विजय हा हरभऱ्याचा वाण प्रसारणापूर्वी फुले जी ८१-१-१ या नावाने ओळखला जात होता. रेघा असलेली अशी नावे वंशावळीच्या वहीतून येतात. वर्णन मात्र मोजके लिहा. प्रत्येक ओळीची पंधरा निरीक्षणे नोंदवणारे बहुधा त्यांतली दोनच निवडीसाठी वापरतात, आणि हंगामाच्या शेवटी वेळ अपुरा पडून ओळींची छाटणी घाईत होते. ओळ का वगळली, याचा एक शब्द लिहिलेला असला तर पुढे फार कामाला येतो.

६. बल्क पद्धतीत निसर्गच चांगली झाडे निवडतो असे पुस्तकात आहे. हे कितपत खरे?

निसर्ग निवडतो हे खरे. पण तो जास्त बी देणारी आणि शेजाऱ्यांशी झुंजणारी झाडे निवडतो, आणि ती आपल्याला हवी असलेली असतीलच असे नाही.

या प्रश्नावरचा सर्वांत बोलका पुरावा बार्लीचा आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे सुनेसन यांनी चार वाण समप्रमाणात मिसळून ते मिश्रण सोळा वर्षे निवड न करता पेरत ठेवले. शेवटी अ‍ॅटलस हा वाण बहुसंख्य झाला आणि व्हॉन जवळजवळ नाहीसा झाला. शुद्ध पेरणीत मात्र व्हॉनचे उत्पादन अ‍ॅटलसपेक्षा सरस होते. म्हणजे मिश्रणात टिकण्याची ताकद आणि शुद्ध शेतातले उत्पादन हे वेगळे गुण आहेत.

भातात हे आणखी स्पष्ट दिसते. उंच, पसरट पानांची झाडे बुटक्या, ताठ पानांच्या झाडांवर सावली धरतात. बल्क दाट पेरला आणि त्यात नत्र भरपूर दिले, तर काही पिढ्यांत बुटकी झाडे मागे पडतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात. अशा संकरात एफ२ किंवा एफ३ मध्येच उंच झाडे उपटून टाकावीत, किंवा झाडांमधले अंतर वाढवावे. उंचीचा फरक मोठा नसेल तर ही भीती कमी.

निसर्गाची निवड आपल्या बाजूने कधी असते? ताण तीव्र असतो आणि त्याचा मार बी धरण्यावर बसतो तेव्हा. थंडी, दुष्काळ, क्षारपड जमीन, सिक प्लॉट ही त्याची उदाहरणे. स्वीडनमध्ये स्वालोफ येथे निल्सन-एहले यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवाळी गव्हासाठी बल्क वापरला तो याच कारणाने. कडक हिवाळ्यात न टिकणारी झाडे आपोआप गळत. उलट दाण्याचा दर्जा, शिजण्याची प्रत, तेलाचे प्रमाण यांवर निसर्ग काहीच निवड करत नाही, आणि त्यांची अपेक्षा बल्ककडून ठेवू नये.

७. सिंगल सीड डिसेंट म्हणजे बल्कच का?

नाही. निवड पुढे ढकलणे दोन्हींत समान आहे, पण बल्कमध्ये एक एफ२ झाड पुढच्या पिढीत शंभर संतती देऊ शकते आणि दुसरे शून्य. सिंगल सीड डिसेंटमध्ये प्रत्येक झाडाचे एकच बी पुढे जाते, त्यामुळे प्रश्न ६ मधली स्पर्धा जवळजवळ संपते. जागा थोडी लागते आणि ग्रीनहाऊसमध्ये वर्षात दोन-तीन पिढ्या काढता येतात. सोयाबीनमध्ये ब्रिम यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या रूपानंतर ही पद्धत रूढ झाली.

तिचा तोटा उगवणीत आहे. दर पिढीत ९० टक्के बी उगवून पुढे बी देत असेल, तर एफ२ च्या ३०० झाडांपैकी एफ६ पर्यंत चार पायऱ्यांत सुमारे १९७ वंश उरतात. म्हणून दर झाडाची दोन-तीन बिया घेऊन एका खड्ड्यात लावणे आणि उगवल्यावर एकच रोप ठेवणे शहाणपणाचे.

८. सहा बॅकक्रॉसनंतर रिकरंट पालकाचा ९९ टक्के जीनोम परत येतो. मग काही वाण तरीही मूळ वाणासारखे का निघत नाहीत?

सूत्र असे आहे:

```
1 - (1/2)^(m+1)
```

यात m म्हणजे बॅकक्रॉसची संख्या. त्यानुसार पहिल्या बॅकक्रॉसनंतर ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, चौथ्यानंतर ९६.९ आणि सहाव्यानंतर ९९.२ टक्के येतात. पण ही सरासरी आहे, आणि ती हव्या जनुकाशी लिंक नसलेल्या भागांची आहे. हव्या जनुकाच्या शेजारचा भाग वेगळा वागतो, कारण दर पिढीत आपणच तो जनुक निवडतो आणि शेजारी त्याच्यासोबत येतात.

फरक केवढा पडतो ते बघा. लिंक नसलेला दाता जनुक सहा बॅकक्रॉसनंतर ६४ झाडांत एकातच उरतो. हव्या जनुकापासून १० टक्के पुनर्संयोग अंतरावरचा दाता जनुक मात्र (0.9)^6, म्हणजे ५३ टक्के झाडांत उरतो. एक टक्का अंतरावरचा ९४ टक्के झाडांत. यालाच लिंकेज ड्रॅग म्हणतात. टोमॅटोत टीएम-२ या विषाणू प्रतिकारक जनुकाचे बॅकक्रॉसने तयार झालेले वाण १९८९ मध्ये मार्करने तपासले, तेव्हा अकरा बॅकक्रॉस झालेल्या एका वाणातही गुणसूत्राची अख्खी बाहू दात्याची निघाली.

केवळ बॅकक्रॉसची संख्या वाढवून हा ड्रॅग फारसा कमी होत नाही. जनुकाच्या एका बाजूला अगदी जवळ पुनर्संयोग झालेले झाड एका पिढीत शोधायचे आणि दुसऱ्या बाजूचे पुढच्या पिढीत, हा मार्ग खात्रीचा आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंना मार्कर हवेत आणि नेहमीपेक्षा जास्त झाडे हवीत. स्वर्णा भातात एफआर१३ए या वाणातला पुराचे पाणी सोसणारा सब१ जनुक आणताना असेच केले गेले.

९. हवा असलेला जनुक अप्रभावी असेल तर बॅकक्रॉस कसा करायचा?

जुना मार्ग असा: बॅकक्रॉसच्या प्रत्येक झाडाचे स्वपरागीभवनही करायचे, त्या संततीत अप्रभावी गुण दिसतो का पाहायचे, आणि ज्या झाडांत तो दिसला त्यांचाच बॅकक्रॉस पुढे न्यायचा. यात एक हंगाम जास्त जातो, किंवा सगळ्याच झाडांवर आंधळेपणाने संकर करून ठेवावे लागतात. मार्करने हा हंगाम वाचतो.

सांबा मसुरी (बीपीटी ५२०४) भाताची दुरुस्ती या प्रश्नाचा चांगला धडा आहे. बारीक दाण्याचा हा लोकप्रिय वाण जिवाणूजन्य करप्याला बळी पडतो. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने एसएस१११३ या दात्यातून तीन जनुक आणले: एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५. पहिला प्रभावी, उरलेले दोन अप्रभावी. इथे रोगाची चाचणी दोन कारणांनी निरुपयोगी होते. बॅकक्रॉसच्या झाडांत अप्रभावी जनुक एकाच प्रतीत असल्याने दिसत नाहीत. शिवाय एक्सए२१ असलेले झाड तसेही प्रतिकारक दिसते, त्यामुळे उरलेले दोन आहेत की नाहीत हे पानावरून कळूच शकत नाही. प्रत्येक पिढीत तिन्ही जनुकांचे मार्कर लावून झाडे निवडली, आणि निवडलेल्यांतून सांबा मसुरीचा जीनोम सर्वांत जास्त असलेले झाड पुढे नेले. चौथ्या बॅकक्रॉसच्या एका निवडलेल्या झाडाचे स्वपरागीभवन करून तिन्ही जनुक होमोझायगस असलेली झाडे मिळवली. २००८ मध्ये हा वाण सुधारित सांबा मसुरी म्हणून प्रसारित झाला.

असे काम आखताना किती झाडे तपासायची? तीन स्वतंत्र जनुक असतील तर बॅकक्रॉसच्या आठ झाडांत सरासरी एक तिन्ही जनुकांचे असते. निदान एक मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर २३ झाडे, ९९ टक्क्यांसाठी ३५. ही संख्या फक्त एक झाड मिळण्याची आहे. पार्श्वभूमीच्या निवडीला वाव हवा तर काही पटींनी जास्त लागतात. शेवटच्या स्वपरागीभवनात तिन्ही होमोझायगस झाडे ६४ त एक, म्हणून ९५ टक्के खात्रीसाठी १९१ झाडे. सर्वांत जास्त कंजूषी इथेच होते आणि शेवटच्या पायरीवर काम अडते.

१०. बॅकक्रॉसमध्ये रिकरंट पालक मादी ठेवावा की नर?

शक्य असेल तर मादी. पुंकेसर काढताना एखादे चुकतेच आणि काही बी स्वपरागीभवनाचे तयार होते. रिकरंट पालक मादी असेल तर अशा झाडांत दाता जनुक नसतोच, आणि मार्कर लावल्यावर ती आपोआप गळतात. उलट संकरित झाड मादी केले तर त्याच्या स्वपरागीभवनाच्या संततीतही दाता जनुक असतो, आणि ती झाडे खऱ्या बॅकक्रॉसमध्ये बेमालूम मिसळतात. हव्या जनुकाच्या ठिकाणी दात्याच्या दोन्ही प्रती असलेले झाड बॅकक्रॉसच्या पिढीत सापडले, तर चूक कुठे झाली ते ओळखा.

११. उत्पादन वाढवायला बॅकक्रॉस का वापरत नाहीत?

अनेक छोट्या परिणामांच्या जनुकांवर अवलंबून असलेला गुण एका झाडावर ओळखता येत नाही (प्रश्न ४), आणि दर बॅकक्रॉसला दात्याचे निम्मे जनुक गळतात. न ओळखता आलेले चांगले जनुकही त्यांच्यासोबत जातात. शेवटी हाती येतो तो मूळ वाणच. शिवाय दोन्ही पालकांपेक्षा सरस ओळी इथे क्वचितच निघतात, कारण त्यासाठी दोन्हीकडच्या जनुकांचे मिश्रण टिकावे लागते.

एक अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. दाता खूपच मागासलेला, उदाहरणार्थ रानटी नातलग किंवा उंच पारंपरिक वाण असेल, तर सरळ एफ२ पेक्षा एक किंवा दोन बॅकक्रॉस करून मग वंशावळ पद्धतीने निवड करणे बरे. दात्याच्या नको त्या जनुकांचे ओझे कमी होते आणि निवडीला विविधताही उरते.

१२. दोन वर्षांच्या एम.एस्सी. प्रबंधात या पद्धतींची तुलना करता येईल का?

संकरापासून सुरुवात केली तर नाही. विभागात एफ४ किंवा एफ५ पर्यंत नेलेले साहित्य असेल तर तुलना शक्य आहे. त्यासाठी दोन्ही पद्धतींच्या ओळी एकाच एफ२ पासून आलेल्या असाव्यात, त्यांची संख्या सारखी असावी आणि एकाच चाचणीत पुनरावृत्तीसह लावाव्यात. वंशावळीच्या निवडक वीस ओळी आणि बल्कच्या सरसकट वीस ओळी यांची तुलना प्रबंधांत वारंवार दिसते. त्यात पद्धतींची नाही, निवडीच्या तीव्रतेची तुलना होते.

१३. हे सगळे तुरीला जसेच्या तसे लावता येईल का?

नाही. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होते आणि त्याचे प्रमाण जागेनुसार बरेच बदलते. निवडलेल्या झाडांवर जाळी किंवा पिशवी बांधून स्वपरागीभवन घडवले नाही तर वंशावळीतली ओळ कागदावरच शुद्ध राहते. प्रश्न २ आणि ४ मधली गणितेही तिथे तशीच लागू पडत नाहीत, कारण ती पूर्ण स्वपरागीभवन धरून मांडलेली आहेत.

१४. बॅकक्रॉस चालू असतानाच रिकरंट पालकापेक्षा चांगला वाण प्रसारित झाला तर काय करायचे?

आतापर्यंत किती बॅकक्रॉस झाले त्यावर ठरवा. एक-दोनच झाले असतील तर पुढचा संकर सरळ नव्या वाणाशी करून तोच रिकरंट पालक धरा. जनुक हाती आहेच, आणि लिंकेज ड्रॅगही थोडा कमी झालेला असतो. चार-पाच झाले असतील तर चालू काम पूर्ण करा आणि तयार झालेली ओळ नव्या वाणासाठी दाता म्हणून वापरा. रानटी दात्यापेक्षा ती कितीतरी स्वच्छ असते, त्यामुळे पुढच्या वेळी बॅकक्रॉस कमी लागतात. मात्र नवा वाण जुन्याचाच जवळचा नातलग असेल तर आधी मार्कर दोघांत वेगळे दिसतात का ते तपासा. ते सारखे दिसले तर पार्श्वभूमीची निवड त्या भागांत करता येणार नाही, आणि झाडाचे दृश्य गुण पाहूनच पुढे जावे लागेल.